डाव्या कोपऱ्यातली लाल पट्टी: ओएलईडी टीव्हीवर तासन् तास गेम खेळताना बर्न-इन कसं टाळायचं

एल्डन रिंग खेळताना पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन पट्ट्या असतात. लाल पट्टी जीव किती उरलाय ते सांगते, निळी जादूची आणि हिरवी दमाची. खाली डावीकडे शस्त्रांचे आणि वस्तूंचे चार चौकोन, खाली उजवीकडे जमवलेल्या रून्सचा आकडा. खेळाडू दलदलीत असो की किल्ल्याच्या गच्चीवर, मागचं दृश्य सतत बदलतं, पण या गोष्टी जागच्या हलत नाहीत. हा गेम संपवायला शंभर तास लागले तरी कुणाला नवल वाटत नाही. घरात ओएलईडी टीव्ही असेल तर या शंभर तासांत त्या लाल पट्टीखालच्या पिक्सेलचं नेमकं काय होतं आणि ते कमी कसं करायचं, एवढंच इथे सांगायचं आहे. टीव्ही म्हणून एलजीची सी सिरीज आणि कन्सोल म्हणून प्लेस्टेशन ५ धरू, कारण ही जोडी बऱ्याच घरांत दिसते. दुसऱ्या कंपन्यांचा टीव्ही असला तर मेनूतली नावं बदलतात, मूळ गोष्ट तीच राहते.

झीज होते म्हणजे काय

एलसीडी किंवा एलईडी टीव्हीत मागे एक दिवा असतो आणि पुढचे पिक्सेल त्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. ओएलईडीत मागचा दिवाच नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. उजेड देणारा थर सेंद्रिय रसायनांचा असतो आणि वीज खेळवत राहिलं की ही रसायनं हळूहळू थकतात. तेवढ्याच विजेत आधीपेक्षा थोडा कमी उजेड पडायला लागतो. हे प्रत्येक ओएलईडी पॅनेलचं होतं, आणि सगळे पिक्सेल सारखेच थकले तर ते कळतही नाही. पडदा काही वर्षांनी थोडा मंद होतो, इतकंच.

त्रास होतो तो असमान झिजेचा. जुन्या देवळाची दगडी पायरी मधोमध खोलगट होते आणि कडा तशाच राहतात, तसंच इथे. लाल पट्टीखालचे पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा पुढे झिजले की साध्या करड्या किंवा लाल पार्श्वभूमीवर त्या जागी पट्टीच्या आकाराची काळपट सावली दिसते. तिलाच बर्न-इन म्हणतात. म्हणजे आपल्याला पॅनेलची झीज थांबवायची नाहीये, ती थांबत नाही. पट्टीखालच्या आणि शेजारच्या पिक्सेलमधला फरक कमी ठेवायचा आहे.

याच्याशी गल्लत होते ती तात्पुरत्या सावलीची. दोन-तीन तास खेळून गेम बंद केल्यावर काळसर पडद्यावर पट्टी पुसट दिसते आणि काही वेळाने, किंवा रात्रभर टीव्ही बंद राहिल्यावर, निघून जाते. यात रसायन थकलेलं नसतं. पिक्सेलला वीज पुरवणाऱ्या ट्रान्झिस्टरची चाल थोडी सरकलेली असते आणि ती पूर्वपदावर येते. एवढ्यावर घाबरायचं कारण नाही, पण ही सावली रोज दिसत असेल तर टीव्हीच्या देखभालीत काहीतरी राहतंय असं समजावं. काय राहतंय ते पुढे येतं.

फरक वाढवणाऱ्या गोष्टी तीन: पट्टी किती तेजस्वी आहे, किती तास दिसते आणि कोणत्या रंगाची आहे. यात तेज सगळ्यात महत्त्वाचं, कारण झीज तेजाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. उजेड दुप्पट केला की झीज दुपटीपेक्षा जास्त होते. अभियांत्रिकीत यासाठी घातांक वापरतात आणि तो बहुतेक वेळा १ ते २ च्या मध्ये येतो. दीड धरला तर दुप्पट उजेडाला झीज २.८ पट. उलट वाचलं तर आशा वाटते: उजेड निम्मा केला की झीज साधारण एक तृतीयांशावर येते. उष्णतेनेही झीज वाढते, म्हणून टीव्ही भिंतीला अगदी चिकटवून किंवा बंद कोनाड्यात बसवला असेल तर मागे हवा खेळायला जागा ठेवावी.

रंगाचं गणित पॅनेलच्या रचनेवर ठरतं. एलजीच्या पॅनेलमध्ये प्रत्येक पिक्सेलचे चार भाग असतात: लाल, हिरवा, निळा आणि पांढरा. मूळ उजेड पांढराच असतो, रंगीत भागांवर गाळणी असते. पांढरं किंवा फिकं काही दाखवायचं तर पांढरा भाग बहुतेक भार उचलतो. गडद लाल दाखवायचं तर एकटा लाल भाग राबतो, आणि त्याची गाळणी बराचसा उजेड अडवते, म्हणून त्याला वीजही जास्त लागते. लाल हेल्थ बार आणि लाल लोगो बदनाम आहेत ते याचमुळे. २०१८च्या पॅनेलपासून लाल भागाचा आकार वाढवला गेला, त्याने ताण कमी झाला, संपला नाही. २०२२ पासून सॅमसंग आणि सोनीच्या काही टीव्हींत येणाऱ्या क्यूडी-ओएलईडी पॅनेलमध्ये मूळ उजेड निळा असतो आणि क्वांटम डॉट नावाचे सूक्ष्म कण त्याचं लाल-हिरव्यात रूपांतर करतात. तिथे गाळणीत उजेड वाया जात नाही, पण लाल पट्टीखालचाही निळा थरच झिजत असतो. तेव्हा पॅनेल कोणतंही असो, पुढचे उपाय लागू आहेत.

खरंच किती तासांनी?

कॅनडातल्या आरटिंग्स या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०१८च्या सुरुवातीला एलजी सी७चे सहा टीव्ही रोज वीस तास चालवायला घेतले. प्रत्येकावर वेगळा मजकूर. दोघांवर सीएनएनची वाहिनी, एक पूर्ण तेजावर आणि दुसरा २०० निट्सवर. निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप. एकावर फिफा १८, एकावर कॉल ऑफ ड्यूटी. पूर्ण तेजावरच्या सीएनएनवर खुणा सगळ्यात आधी आणि ठळक उमटल्या, तेज कमी ठेवलेल्यावर त्या उशिरा आणि कमी आल्या. २०१९च्या मे महिन्यात, ९००० तासांच्या पुढे गेल्यावर, फिफा १८च्या टीव्हीवरही असमानता दिसत होती. ९००० तास म्हणजे रोज पाच तास धरले तर जवळपास पाच वर्षं, तीही तोच एक गेम खेळून.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. महिन्याला वेगळा गेम खेळणाऱ्याने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. आणि वर्षानुवर्षं एकच गेम खेळणाऱ्यासाठी, म्हणजे फुटबॉलचा स्कोअरबोर्ड किंवा जीटीए ऑनलाइनमधला कोपऱ्यातला नकाशा रोज संध्याकाळी त्याच जागी असणाऱ्यासाठी, धोका खरा आहे. झीज जागेनुसार साठत जाते, सत्रागणिक पुसली जात नाही. हॉलमधल्या टीव्हीवर दिवसा बातम्यांची वाहिनी चालत असेल, तर खालच्या लाल 'ब्रेकिंग' पट्टीचे तासही त्याच पॅनेलच्या खात्यावर जमा होतात. बऱ्याच घरांत खरा गुन्हेगार गेम नसून ती पट्टी असते, बोलणी मात्र मुलं खातात.

टीव्हीची स्वतःची तटबंदी, आणि तिच्यातली फट

एलजीच्या अलीकडच्या टीव्हींत Settings > Support > OLED Care > OLED Panel Care इथे तीन गोष्टी मिळतात: Screen Move, Adjust Logo Brightness आणि Pixel Cleaning. जुन्या मॉडेलमध्ये यांची नावं आणि जागा थोड्या वेगळ्या आहेत, शोधल्या की सापडतात.

Screen Move अख्खं चित्र अधूनमधून काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवतं. बारीक रेघ किंवा अक्षरासाठी हे कामाचं. पण हेल्थ बार शेकडो पिक्सेल लांब असतो. चार-पाच पिक्सेल सरकल्याने त्याच्या कडा तेवढ्या मऊ होतात, मधला भाग लालच राहतो. चालू ठेवावं, त्यावर विसंबू नये. पडद्याच्या कडेची एखादी ओळ कापली जाते म्हणून काही जण ते बंद करतात, तो सौदा तोट्याचा आहे.

Adjust Logo Brightness जास्त उपयोगी आहे. चित्राच्या ज्या भागात बराच वेळ बदल नाही आणि जो तेजस्वी आहे तो भाग ओळखून टीव्ही हळूहळू मंद करतो. हे Off वर असता कामा नये. मात्र अर्धपारदर्शक पट्टी, जिच्यामागे दृश्य हलताना दिसतं, ती त्याला नेहमी ओळखता येत नाही.

तिसरा एक बंदोबस्त मेनूत दिसत नाही. अख्खं चित्र काही मिनिटं जवळपास स्थिर राहिलं की टीव्ही पूर्ण पडदा मंद करतो. आणि फट नेमकी इथेच आहे. गेममध्ये चित्र स्थिर नसतंच. घोडा धावतोय, आकाश फिरतंय, एकूण उजेड सतत बदलतोय. टीव्हीला वाटतं सगळं हलतंय, मग कशाला मंद करायचं? कोपऱ्यातल्या त्या तीन पट्ट्या गर्दीत सुटून जातात. थांबलेल्या मेनूपासून टीव्ही स्वतःला वाचवतो, चालू गेममधल्या स्थिर पट्टीपासून तेवढा नाही. ते काम आपल्याला करावं लागतं.

हे आपोआप मंद होणं काहींना खटकतं, आणि सर्व्हिस रिमोट वापरून आतल्या मेनूतलं TPC आणि GSR बंद करण्याच्या कृती फिरत असतात. TPC म्हणजे वर सांगितलेलं पूर्ण पडदा मंद करणं आणि GSR म्हणजे स्थिर भाग मंद करणं. तासन् तास एचयूडी, म्हणजे गेमवर कायम दिसणाऱ्या पट्ट्या, आकडे आणि नकाशे, समोर ठेवून खेळणाऱ्याने या दोन्हींना हात लावू नये. सर्व्हिस मेनूत चुकीचा आकडा बदलला तर होणारं नुकसान वेगळंच.

बंद केल्यानंतरची दहा मिनिटं

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. एकूण वापर चार तासांच्या पुढे गेला की एलजीचा टीव्ही, रिमोटने बंद केल्यावर, स्वतःहून एक छोटी दुरुस्ती चालवतो. पडदा काळा असतो, बाहेरून टीव्ही झोपलेला दिसतो, आत मात्र पिक्सेलची विद्युत चाल मोजून विजेचं प्रमाण नव्याने लावलं जातं. दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. शेवटी बऱ्याच टीव्हींतून हलकासा 'टक' आवाज येतो. तात्पुरती सावली साफ होते ती याच वेळात.

आपल्याकडे रात्री रिमोटने टीव्ही बंद केला की लगेच भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. वीज वाचवायला म्हणून, किंवा लहानपणापासून तसंच सांगितलेलं म्हणून. ओएलईडीच्या बाबतीत ही सवय नडते. बटण बंद झालं की ती दुरुस्ती सुरूच होत नाही किंवा अर्धवट राहते. आठवडाभर असं झालं तर सातही दिवसांची सावली साठते आणि घरच्यांना वाटतं टीव्हीला बर्न-इन झालं. रोज दिसणाऱ्या सावलीचं कारण बहुतेकदा हेच निघतं. रिमोटने बंद करावा आणि बटण चालूच ठेवावं. बंद करायचंच असेल तर पंधरा मिनिटांनी करावं. वीज कडाडत असेल तेव्हा अर्थात प्लग काढणंच शहाणपणाचं, एखादी दुरुस्ती चुकली तर दुसऱ्या दिवशी होईल. भारनियमन असलेल्या गावात टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर हा प्रश्न आपोआप सुटतो.

शनिवार-रविवारी सलग आठ-दहा तास खेळणाऱ्यांनी हेच उलट बाजूने पाहावं. टीव्ही बंद होत नाही तोवर दुरुस्तीला संधीच मिळत नाही. चार तास झाले की जेवणाच्या वेळी टीव्ही रिमोटने बंद करावा. जेवून येईपर्यंत ती उरकते.

यापेक्षा मोठी दुरुस्ती, एलजीच्या मेनूतली Pixel Cleaning, साधारण २००० तासांनी टीव्ही आपोआप करतो. तिला तासभर लागतो आणि त्या दरम्यान पडद्यावर एखादी रेघ दिसू शकते, तो बिघाड नव्हे. हातानेही ती सुरू करता येते, पण 'स्वच्छता' या नावाने फसून दर आठवड्याला चालवू नये. यात थकलेलं रसायन ताजं होत नाही, झिजलेल्या पिक्सेलला जास्त वीज देऊन फरक झाकला जातो. म्हणजे शिलकीतलंच खर्च होतं. सोनी तर आपल्या टीव्हीतली Panel refresh वर्षातून एकदाच करा असं सांगते, आणि खोलीचं तापमान १० ते ४० अंशांच्या मध्ये असतानाच. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात दुपारी बंद खोलीत ती सुरू करू नये, हे ओघाने आलंच.

एचडीआर: पट्टी नको तितकी उजळते ती इथे

एसडीआर म्हणजे नेहमीचं साधं चित्र, एचडीआर म्हणजे गडद आणि उजळ भागांतलं अंतर जास्त दाखवणारं. एसडीआर चित्रात तेजावर आपला थेट ताबा असतो. एलजीमध्ये OLED Pixel Brightness नावाची पट्टी आहे. रात्री दिवे मंद करून खेळणाऱ्याला ती ४०-५०च्या आसपास पुरते. दिवसा खिडक्या उघड्या असल्या तर वाढवावी लागेल. पडदे ओढून तेज कमी ठेवणं कधीही परवडतं.

एचडीआरमध्ये हीच पट्टी टीव्ही स्वतःहून १०० वर ठेवतो आणि ती तिथेच असू द्यावी, कारण किती उजळायचं ते आता गेमकडून येणारा सिग्नल ठरवतो. सूर्य, ठिणग्या, तलवारीवरची चमक हे क्षणभरच असतं, त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते एचयूडीसाठी ठरलेल्या तेजाने. एचडीआर चित्रात साध्या पांढऱ्या कागदाइतकं पांढरं म्हणजे किती, याचं प्रसारणातलं संदर्भमूल्य २०३ निट्स आहे. अंधाऱ्या खोलीत तास-दीड तास बघायला ते भरपूर झालं. अनेक गेममध्ये Paper White, HUD Brightness किंवा UI Brightness अशी वेगळी पट्टी असते. ती असेल तर सगळ्यात आधी तिला हात लावावा. रात्री १००-१२० निट्सच्या बरोबरीचं एचयूडी व्यवस्थित वाचता येतं आणि सूर्य-ठिणग्यांची चमक तशीच राहते.

मग टोन मॅपिंग, म्हणजे सिग्नलमधलं तेज टीव्हीला झेपेल असं बसवणं. एलजीच्या एचडीआर सेटिंगमध्ये याचे पर्याय असतात, त्यातलं Dynamic Tone Mapping On केलं की टीव्ही प्रत्येक दृश्य स्वतःच्या अंदाजाने उजळवतो. दुकानात ते छान दिसतं. पण ते मधले उजेड वर खेचतं, आणि हेल्थ बार त्यात येतोच. त्याऐवजी HGiG निवडावं. त्यात टीव्ही स्वतःची अक्कल चालवत नाही, कन्सोलने पाठवलं तेवढंच दाखवतो. पर्याय बदलल्यावर प्लेस्टेशनवर Settings > Screen and Video > Video Output > Adjust HDR इथे जाऊन तेज पुन्हा जुळवावं. पडद्यावरची खूण जेमतेम दिसेनाशी होते तिथे थांबायचं. हे न करता नुसतं HGiG लावलं तर कन्सोल टीव्हीला झेपणार नाही इतकं तेज पाठवत राहतो, आणि ढग, ज्वाळा सपाट पांढऱ्या दिसतात. मग लोक 'HGiG वाईट' म्हणून परत जुन्यावर जातात.

त्याच Video Output मेनूत HDR साठी Always On ऐवजी On When Supported ठेवावं. Always On असलं की कन्सोलचा मुख्य पडदा आणि जुने एसडीआर गेमही एचडीआरच्या पोशाखात जातात, आणि आपण एसडीआरसाठी लावलेलं ४०-५० तिथे लागूच होत नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस असेल तर Auto HDR हे असंच काम करतं. एचयूडी डोळ्यांत खुपत असलेल्या गेमपुरतं ते बंद करता येतं.

आता गेममध्ये

एल्डन रिंगच्या System मेनूत HUD साठी ON, AUTO आणि OFF असे पर्याय आहेत. OFF वर मरायची तयारी ठेवावी लागते, ON वर पट्ट्या कायम दिसतात. AUTO वर नुसतं भटकत असताना एचयूडी लपतो आणि लढाई सुरू झाली, काही वापरलं की परत येतो. या गेममध्ये भटकणंच खूप आहे, त्यामुळे फायदा मोठा. क्षणभर हिशेब मांडू.

समजा कुणी आठवड्याला २० तास खेळतो, म्हणजे वर्षाला साधारण १००० तास. पट्टी कायम दिसते आणि २०० निट्सला उजळते. हिला १०० एकक झीज म्हणू. आता त्याने पट्टीचं तेज १२० निट्सवर आणलं. दीडचा घातांक धरला तर झीज सुमारे ४६ एककांवर येते. त्यात AUTO लावलं आणि पट्टी निम्माच वेळ दिसली, तर उरले २३. दृश्यात डोळ्यांना जाणवेल असं काहीही न गमावता झीज पाव भागाच्याही खाली आली. अचूक आकडे पॅनेलनुसार बदलतील, प्रमाण मात्र याच अंगाने जातं. आणि लपलेल्या वेळात त्या जागी मागचं दृश्य चालतं, म्हणजे तिथले पिक्सेल शेजाऱ्यांच्या बरोबरीने वापरले जातात.

या गेमची एक गंमत आहे. खेळाडू Vigor, म्हणजे जीव वाढवणारा गुण, वाढवत जातो तशी लाल पट्टी लांब होते, आणि मार खाल्ला की ती उजवीकडून रिकामी होते. म्हणजे पट्टीचं डावं टोक जवळपास नेहमीच लाल असतं, उजवं टोक कधी असतं कधी नसतं. इथे बर्न-इन झालंच तर सावली डावीकडे गडद आणि उजवीकडे विरळ होत गेलेली दिसेल. तपासताना नजर आधी डाव्या टोकावर न्यावी.

बाकीच्या गेममध्ये काय शोधायचं? हॉरायझन फॉरबिडन वेस्टमध्ये गरजेपुरता दिसणारा एचयूडी निवडता येतो. डेस्टिनी २ मध्ये एचयूडीची पारदर्शकता वाढवता येते. जीटीए ५ मध्ये नकाशा बंद करता येतो, पण तो बंद केला की रस्ता सापडत नाही, तेव्हा तिथे तेज कमी करण्यावरच भर द्यावा. फुटबॉलच्या गेममध्ये वेळ आणि गुणफलक, तसंच खालचा रडार बंद करायची सोय असते. निदान दोन्हींपैकी एक बंद करून बघावा, रडारशिवाय खेळ अवघड जातो, गुणफलकाशिवाय नाही. जिथे काहीच पर्याय नाही तिथे एचयूडीचा आकार लहान करण्याने फारसं साधत नाही. छोटी पट्टी तेवढीच लाल असते, सावली छोटी पडते इतकंच.

गेम थांबवून उठताना

फोन आला, दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली, आणि गेम मेनूवर थांबवून माणूस उठला. एचडीएमआयवरून चित्र येत असताना टीव्हीचा स्वतःचा स्क्रीनसेव्हर लागत नाही, तो फक्त थोड्या वेळाने पडदा मंद करतो. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही, पण ती पाच मिनिटं पाऊण तास व्हायला वेळ लागत नाही. एलजीच्या सेटिंगमध्ये Screen Off आहे: पडदा काळा, आवाज चालू, रिमोटचं बटण दाबलं की परत. उठताना ते वापरावं. प्लेस्टेशनमध्ये Settings > System > Power Saving इथे खेळ सोडून दिल्यावर किती वेळाने कन्सोलने झोपायचं ते ठरवता येतं. तिथला सगळ्यात कमी वेळ लावून ठेवावा. निन्टेंडो स्विचमध्ये टीव्हीसाठी Screen Burn-In Reduction नावाचाच पर्याय आहे, हाताळणी थांबली की तो चित्र मंद करतो.

सावली दिसलीच तर

एकाच रंगाचे पूर्ण पडदे दाखवणारे व्हिडिओ यूट्यूबवर मिळतात. खोली अंधारी करून करडा, लाल, हिरवा, निळा आणि पिवळा असे एकेक पाहावेत. लाल पट्टीची खूण लाल पडद्यावर सगळ्यात स्पष्ट दिसते, कारण तिथे तोच भाग एकटा उजळतो. पांढऱ्या नकाशाची किंवा आकड्यांची खूण करड्यावर. अगदी गडद करड्यावर उभे पुसट पट्टे दिसले तर ते बर्न-इन नव्हे, नव्या पॅनेललाही ते असतात. बर्न-इनचा आकार ओळखीचा असतो: पट्टीच्या जागी पट्टी, लोगोच्या जागी लोगो.

खूण दिसली तर फोनने फोटो काढून ठेवावा आणि टीव्ही रिमोटने बंद करून रात्रभर बटण चालू ठेवावं. मागच्या दुरुस्तीपासूनचा एकूण वापर चार तासांपेक्षा कमी असेल तर छोटी दुरुस्ती सुरू होणार नाही, हे लक्षात ठेवून आणखी एक-दोन दिवस साधा वापर करून पुन्हा तपासावं. खूण फिकी झाली असेल तर ती तात्पुरती होती. तशीच असेल तर Pixel Cleaning एकदा हाताने चालवावी, तासभर मध्ये न थांबवता, आणि परत फोटोशी ताडून पाहावं. त्यानंतरही जी उरते ती कायमची.

'बर्न-इन घालवणारे' म्हणून जे रंगीबेरंगी लुकलुकणारे व्हिडिओ आठ-आठ तास चालवायला सांगतात, त्यांच्या नादी लागू नये. ते थकलेल्या पिक्सेलना बरं करत नाहीत, बाकीच्यांना थकवतात. कायमची खूण साध्या चित्रात जाणवतच नसेल, फक्त लाल पडद्यावर शोधल्यावर दिसत असेल, तर टीव्ही आहे तसा वापरत राहावा. एक बदल मात्र लगेच करावा: ज्या गेममुळे ती आली त्याचं एचयूडी AUTO वर, तेज खाली, आणि मध्ये दुसरा एखादा गेम, ज्यात तो कोपरा मोकळा असतो.